x·sin(1/x): उत्तर शून्य बरोबर, मग गुण का कापला?

वहीतलं_पान

भाचा बारावीत आहे, त्याची गणिताची वही बघत होते. प्रश्न असा: x शून्याकडे जाताना x·sin(1/x) ची लिमिट काढा. त्याने लिहिलंय ते जसंच्या तसं देते:

−1 ≤ sin(1/x) ≤ 1
सर्व बाजूंना x ने गुणून, −x ≤ x·sin(1/x) ≤ x
x → 0 असताना −x आणि x दोन्ही 0 कडे जातात, म्हणून सँडविच थिअरमने उत्तर 0.

दुसऱ्या ओळीभोवती लाल गोल आणि तीनपैकी दोन गुण. बाजूला एक अक्षर नाही. भाचा म्हणतो, "मावशी, उत्तर बरोबर आहे ना, मग झालं तर!" मलाही वाचताना काही खटकलं नाही. मी कॉमर्सवाली, sin च्या पलीकडे फारसं आठवत नाही. त्या ओळीत नक्की बिघडलंय काय?

घाईत_आहे

sin च्या लिमिटचं उत्तर 1 असतं, 0 नाही. sin x भागिले x, लिमिट 1, हे पाठच करायचं असतं. इथे वरचा x खाली नेला की sin(1/x) भागिले (1/x) होतं, म्हणजे तोच फॉर्म्युला. त्याला दोन गुण मिळाले हेच नशीब.

सरळरेघ

@घाईत_आहे, अहो नाही. उत्तर 0 च आहे.

@वहीतलं_पान, गुण कापणं हा निव्वळ किस काढण्याचा प्रकार आहे. sin काहीही असो, तो −1 ते 1 मध्येच राहणार. बाहेर x शून्य होतोय. शून्याला कशानेही गुणा, शून्यच. एका ओळीचं गणित आहे. सँडविच वगैरे लावायचीही गरज नव्हती.

जुनाट_पेन्सिल

वहीतलं_पान, त्या दुसऱ्या ओळीत x च्या जागी एक ऋण संख्या घालून बघा, म्हणजे लाल गोल कशासाठी आहे ते लगेच दिसेल. x = −0.01 घेऊ. डावीकडचा −x झाला +0.01. उजवीकडचा x झाला −0.01. मधला भाग येतो साधारण −0.00506 (कॅलक्युलेटर रेडियनवर ठेवून). म्हणजे भाच्याची ओळ म्हणते की

0.01 ≤ −0.00506 ≤ −0.01

हे उघडच खोटं आहे. मधलं सोडून द्या, 0.01 हा −0.01 पेक्षा लहान कसा असेल? ऋण संख्येने गुणलं की लहान-मोठ्याची खूण उलटते, आणि x शून्याकडे दोन्ही बाजूंनी येतो, फक्त उजवीकडून नाही. त्याची ओळ उजवीकडे खरी आहे आणि डावीकडे उलटी.

दुरुस्ती अर्ध्या ओळीची आहे. x ऐवजी त्याचा मॉड घ्यायचा:

|x·sin(1/x)| = |x|·|sin(1/x)| ≤ |x|

म्हणजेच −|x| ≤ x·sin(1/x) ≤ |x|. ही ओळ x धन असो वा ऋण, दोन्हीकडे खरी आहे. |x| शून्याकडे जातो, −|x| ही जातो, मधल्याला दुसरीकडे जायला जागाच नाही. मॉड नको असेल तर x > 0 आणि x < 0 अशी दोन प्रकरणं वेगळी लिहायची, दुसऱ्यात खुणा उलटवून. तेही पूर्ण गुणांचं उत्तर.

@सरळरेघ, तुमच्या "कशानेही गुणा" बद्दल वेगळं लिहितो, जरा हातातलं काम आटपू दे.

वहीतलं_पान

अगदी लख्ख दिसलं. संख्या घालून बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद काका. भाच्याला उद्या हीच −0.01 घालायला लावते, मी काही सांगणार नाही.

सरळरेघ

मान्य, ओळ डावीकडे चुकीची आहे. पण मग एक सांगा: डावीकडे खूण उलटली तर काय होतं? x ≤ x·sin(1/x) ≤ −x. टोकं तीच, फक्त अदलाबदल. दोन्ही टोकं शून्यालाच जातात. म्हणजे चूक करूनही उत्तर बदलायची शक्यताच नाही. मग एक गुण कशाचा?

खडूस_खडू

गुण खोट्या विधानाचा. मी शिकवते, आणि मीही कापला असता. उत्तरपत्रिकेत "0.01 हा −0.01 पेक्षा लहान" असं लिहिलेलं असताना पूर्ण गुण द्यायचे तर मग पायऱ्या लिहायलाच कशाला सांगायचं? नुसतं उत्तर विचारू. मात्र लाल गोल काढून शेजारी काहीही न लिहिणं मला पटत नाही. तिथे एक "x < 0?" लिहिलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

जुनाट_पेन्सिल

सरळरेघ यांचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. या गणितात टोकांची अदलाबदल झाली तरी उत्तर तेच येणार हे खरं, कारण दोन्ही टोकांची सीमा एकच आहे. पण ती सवय घेऊन जरा पुढे जा आणि हे गणित बघा:

(1/x)·(2 + sin(1/x)), x शून्याकडे

कंसातली गोष्ट नेहमी 1 ते 3 च्या मध्ये. "सर्व बाजूंना 1/x ने गुणून" लिहिलं की

1/x ≤ (1/x)(2 + sin(1/x)) ≤ 3/x

आता विद्यार्थी म्हणतो, डावं टोक अनंताकडे जातं, मधलं त्याच्याहून मोठं, म्हणून तेही अनंताकडे. संपलं! पण डावीकडून येताना खुणा उलटतात. तिथे मधलं फल 1/x पेक्षा लहान असतं आणि 1/x ऋण अनंताकडे चाललेला असतो. एका बाजूने +∞, दुसऱ्या बाजूने −∞. "सीमा अनंत" हे उत्तर सरळ चूक. खोटी ओळ तीच, खूण न उलटवण्याची, पण इथे तिने उत्तरही बुडवलं. भाच्याच्या गणितात ती निभावून गेली, एवढंच.

आता "शून्याला कशानेही गुणा". x शून्याकडे जातो, तो शून्य *नसतो*. त्याला 1/x ने गुणा, 1 येतो. 1/x² ने गुणा, आकडा हाताबाहेर जातो. म्हणजे "कशानेही" चालत नाही. sin(1/x) चालतो, कारण तो 1 च्या वर आणि −1 च्या खाली कधीच जात नाही, x कितीही लहान करा. तुम्ही पहिल्या वाक्यात ते लिहिलंच होतं ("−1 ते 1 मध्येच राहणार") आणि दुसऱ्या वाक्यात ते टाकून देऊन शून्याच्या जोरावर निष्कर्ष काढलात. सगळं वजन पहिल्या वाक्यात आहे, आणि सँडविचची पायरी म्हणजे तेच वाक्य नीट वापरणं.

आणखी एक. पुष्कळ जण लिहितात: x ची सीमा 0, sin(1/x) ची सीमा "काहीतरी", गुणाकाराच्या नियमाने 0. तो नियम दोन्ही सीमा अस्तित्वात असतील तरच वापरता येतो. sin(1/x) ची सीमा शून्यापाशी नाहीच. ज्या नियमाची अटच पुरी होत नाही त्याच्या नावाने आलेलं बरोबर उत्तर हे योगायोगाचं.

सरळरेघ

1/x चा दाखला पटला. तरी माझं म्हणणं हेच की "मर्यादित गुणिले शून्याकडे जाणारं" हा एक नियम म्हणून एकदा सिद्ध करावा आणि मग दर वेळी सँडविचची पायरी लिहायला लावू नये. आम्ही कामात तसंच करतो.

जुनाट_पेन्सिल

त्याला माझी काही हरकत नाही. नियम खराच आहे, आणि त्यासाठी त्या मर्यादित फलाला सातत्यही लागत नाही. परिमेय x ला 1 आणि अपरिमेय x ला 0 असं विचित्र फल घेतलं, जे कुठेच सलग नाही, तरी त्याला x ने गुणलं की शून्यापाशी सीमा 0. फक्त नियम वापरताना "मर्यादित" हा शब्द उत्तरात लिहायचा.

हिशेबनीस

मी सिद्धतेच्या वाटेला गेलो नाही, कॅलक्युलेटर काढला. वर म्हटलंय की sin(1/x) ची लिमिट नाहीच. माझ्या कॅलक्युलेटरवर तर छान आहे:

x = 0.1 → 0.1736
x = 0.01 → 0.9848
x = 0.001 → −0.9848
x = 0.0001 → −0.9848
x = 0.00001 → −0.9848
x = 0.000001 → −0.9848

पुढे कितीही शून्यं घाला, हलतच नाही. म्हणजे लिमिट −0.9848 झाली ना? मग तिला शून्याने गुणून 0, गुणाकाराचा नियमही लागू. सँडविच कशाला?

टिंबटिंब

माझ्या कॅलक्युलेटरवर वेगळंच येतंय!! 0.001 ला 0.8269 आणि 0.0001 ला −0.3056. 0.01 ला −0.5064. काही पॅटर्न नाही.

जुनाट_पेन्सिल

हिशेबनीस, तुम्ही फार सुंदर जागी बोट ठेवलंत. तुमचा कॅलक्युलेटर अंशांवर आहे, टिंबटिंबचा रेडियनवर. पण "रेडियनवर करा" म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही, कारण अंशांवरसुद्धा ती सीमा अस्तित्वात नाही. मग तुमचा आकडा हलत का नाही?

0.001 घातलात म्हणजे कोन झाला 1000 अंश. 360 चे दोन फेरे काढले की उरतात 280. आता 0.0001, म्हणजे 10000 अंश. 27 फेरे म्हणजे 9720, उरतात 280. पुन्हा तेच! कारण 280 ला 10 ने गुणलं की 2800, त्यातून 7 फेरे (2520) गेले की परत 280. एकदा 280 वर पोचलात की दहाने कितीही वेळा गुणा, तिथेच येणार. आणि sin 280° म्हणजे −0.9848. तुम्ही फक्त दहाच्या घातांवर पाय ठेवत चाललात आणि नेमके तेच बिंदू एका उंचीवर होते.

आता त्याच कॅलक्युलेटरवर, अंशांवरच ठेवून, x = 1/1800 घाला. कोन 1800 अंश, पूर्ण पाच फेरे, उत्तर 0. मग x = 1/1890 घाला. पाच फेरे आणि 90 अंश, उत्तर 1. हे दोन्ही x तुमच्या 0.001 पेक्षा शून्याच्या जवळ आहेत, आणि एकमेकांपासून तर जेमतेम 0.00003 वर. तेवढ्यात फल 0 वरून 1 वर गेलं. शून्याच्या आणखी जवळ जाल तसं हे वर-खाली आणखी दाटीवाटीने होतं. संपत कधीच नाही.

रेडियनमध्येही तेच. x = 1/(100π), म्हणजे सुमारे 0.003183, इथे sin(1/x) शून्य. x = 2/(201π), सुमारे 0.003167, इथे 1. x = 2/(203π), सुमारे 0.003136, इथे −1. 100 च्या जागी कोणतीही मोठी सम संख्या N घ्या (201 आणि 203 च्या जागी मग 2N + 1 आणि 2N + 3), तिन्ही बिंदू शून्याजवळ सरकतात, उत्तरं तीच राहतात: 0, 1, −1. सीमा असती तर तिन्ही मार्गांनी एकच यायला हवी होती.

हिशेबनीस

1/1890 घातलं. 1 आलं. च्यायला!

पण मग x·sin(1/x) चा तक्ता करूनही काही कळणार नाही म्हणा ना. तिथेही मी दहाचेच घात घालणार.

जुनाट_पेन्सिल

तक्त्यावरून अंदाज येईल, खात्री नाही. इथेच सँडविचचा खरा उपयोग आहे. |x| ≤ 0.001 असेल तर उत्तर −0.001 ते 0.001 च्या आत, हे *सगळ्या* x साठी एकदम कळतं, तुम्ही कोणते बिंदू निवडलेत त्यावर अवलंबून नाही. उत्तर शून्यापासून 0.00002 च्या आत हवंय? x ला 0.00002 च्या आत ठेवा, काम झालं. sin आत काय गोंधळ घालतोय ते बघायचीही गरज नाही. आणि यात अंश की रेडियन हा प्रश्नही येत नाही, कारण −1 ते 1 ही हद्द दोन्हीकडे तीच.

@घाईत_आहे, तुमचं राहिलंच होतं. sin(1/x) भागिले (1/x) असं लिहिणं बरोबर आहे. पण sin t भागिले t ची सीमा 1 असते ती t शून्याकडे जाताना. इथे t म्हणजे 1/x. x शून्याकडे गेला की t कुठे जातो ते बघा. तो प्रचंड मोठा होतो. वरचा sin −1 ते 1 मध्ये अडकलेला आणि खालचा वाढतच चाललेला, म्हणून भागाकार 0. तुमचा 1 येईल तो x अनंताकडे जाताना.

टिंबटिंब

सर, याच टाइपचं एक मला सराव परीक्षेत आलं होतं: x²·sin(1/x) भागिले sin x, x शून्याकडे. पर्याय होते 0, 1, ∞, आणि "अस्तित्वात नाही". 0/0 आहे म्हणून मी लोपिताल लावला. वरच्याचं डेरिव्हेटिव्ह 2x·sin(1/x) − cos(1/x), खालच्याचं cos x. आता 2x·sin(1/x) शून्याला जातो, cos x एकाला, पण cos(1/x) नुसता हलतच राहतो. लिमिट नाही. म्हणून "अस्तित्वात नाही" वर टिक केलं. उत्तरसूचीत 0 आहे. सूची चुकलीय का?

खडूस_खडू

सूची बरोबर आहे. तुझी डेरिव्हेटिव्हसुद्धा बरोबर आहेत. cos(1/x) ची लिमिट नाही हेही बरोबर. पण लोपिताल एवढंच सांगतो की डेरिव्हेटिव्हच्या भागाकाराची लिमिट *असेल*, तर मूळची तीच. नसेल तर तो काहीही सांगत नाही. "नाही" वरून "नाही" काढता येत नाही. दर वर्षी यात मुलं पडतात, आणि पेपर काढणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. "अस्तित्वात नाही" हा पर्याय तुझ्यासारख्यासाठीच ठेवलेला होता.

जुनाट_पेन्सिल

असं तोड:

(x / sin x) · (x·sin(1/x))

पहिल्या कंसाची सीमा 1. दुसऱ्याची 0, ती या धाग्यात मॉड लावून काढलीच आहे. आता दोन्ही सीमा *आहेत*, म्हणून गुणाकाराचा नियम बिनधास्त वापर. उत्तर 0. तोच नियम वर चालत नव्हता आणि इथे चालतो, फरक फक्त तोडण्याच्या जागेत आहे. तू (x²/sin x) आणि sin(1/x) असं तोडलं असतंस तर पुन्हा अडकला असतास.

लोपिताल x·sin(1/x) ला लावून बघितलंस तरी हेच होईल. sin(1/x) भागिले (1/x) लिही, दोन्हीकडे डेरिव्हेटिव्ह घे, −1/x² वर-खाली कटतो आणि हातात उरतो cos(1/x). म्हणून अशा गणितात sin(1/x) किंवा cos(1/x) दिसला की आधी मर्यादा बघायची, डेरिव्हेटिव्ह नंतर.

टिंबटिंब

ओके सर, समजलं. मग x²·sin(1/x) भागिले x², म्हणजे नुसता sin(1/x), त्याची लिमिट नाही. आणि x²·sin(1/x) भागिले x ची 0. म्हणजे बाहेर निदान एक x उरला पाहिजे?

जुनाट_पेन्सिल

पूर्ण एक x च हवा असंही नाही, शून्याकडे जाणारं काहीही चालतं. √x·sin(1/x) ची सीमाही 0, फक्त तिथे x उजवीकडूनच येऊ शकतो. गंमत म्हणजे त्या एकाच गणितात "x ने गुणून" वाली सवय निर्धोक आहे, कारण √x ऋण नसतोच.

रिकामा_संच

धागा छान चाललाय, एक खोडी काढतो. हे काय येईल सांगा:

sin( x·sin(1/x) ) भागिले x·sin(1/x), x शून्याकडे

सरळरेघ

सोपं. x·sin(1/x) ला t म्हणा. t शून्याकडे जातो, हे सँडविचने झालं. sin t भागिले t, उत्तर 1. अखेर @घाईत_आहे यांचा 1 आला एकदाचा!

रिकामा_संच

x = 1/(1000π) घाला, सुमारे 0.000318. sin(1000π) शून्य, म्हणून t शून्य. 0/0. तिथे फलच नाही.

आणि असा एक बिंदू नाही. 1/(1001π), 1/(1002π)... शून्याच्या कितीही जवळचा तुकडा कापा, त्यात असे अगणित बिंदू सापडणार. t शून्याकडे *जातो* हे खरं, पण जाता जाता तो अनंत वेळा शून्य *होतो*. sin t / t वाल्या सीमेत t शून्य नसावा ही अट आहे, ती इथे मोडते.

खडूस_खडू

मग सीमा अस्तित्वात नाही. शून्याच्या शेजारी, शून्य सोडून, सगळीकडे फल असलं पाहिजे, ही पहिली अट. ती नाही म्हटल्यावर पुढचं बोलणंच नको. बारावीच्या पातळीला हेच उत्तर.

जुनाट_पेन्सिल

मी इतक्या ठामपणे म्हणणार नाही. व्याख्या दोन प्रकारे लिहितात. एकात तुम्ही म्हणता तशी अट असते, शेजारचा सगळा तुकडा फलाच्या प्रांतात हवा. दुसरीत फक्त एवढंच लागतं की शून्याच्या कितीही जवळ प्रांतातले बिंदू सापडावेत, आणि मग फक्त त्याच बिंदूंकडे बघायचं. विश्लेषणाच्या वरच्या वर्गात ही दुसरी सर्रास चालते. तिच्याप्रमाणे 1/(nπ) हे बिंदू प्रांतातच नाहीत, त्यांचा विचार करायचा नाही, आणि उरलेल्या सगळ्या बिंदूंवर फल 1 कडे जातं. म्हणून सीमा 1.

खडूस_खडू

वरच्या वर्गात चालत असेल. प्रश्नपत्रिकेत कोणती व्याख्या धरायची हे मुलाने कसं ओळखायचं?

रिकामा_संच

√x चं काय करणार मग? त्याला शून्याच्या डावीकडे प्रांतच नाही, आणि वर काका "सीमा 0" म्हणाले तेव्हा कुणी हरकत घेतली नाही.

खडूस_खडू

तिथे उजवीकडून म्हटलं होतं. उजवीकडचा तुकडा सलग आहे. तुमच्या फलात तर दोन्हीकडे भोकं पडलीयत. ते आणि हे एक नाही.

रिकामा_संच

सलग असणं हा तुमच्या व्याख्येचा हट्ट आहे, माझ्या नाही.

सरळरेघ

म्हणजे "t म्हणा" ही माझी पायरी एका व्याख्येत बरोबर आणि एकीत नाही? की दोन्हीत चूक आणि एकीत उत्तर जुळलं?

जुनाट_पेन्सिल

दुसऱ्या व्याख्येत बरोबर, फक्त "प्रांतातल्या x साठी t शून्य नाही" हे वाक्य तुम्ही लिहायला हवं होतं. पहिलीत ते लिहूनही भागत नाही, कारण तिथे आक्षेप t वर नाही, प्रांतावर आहे.

वहीतलं_पान

मी लाल गोलाचं विचारायला आले होते, इथे बरंच काही चाललंय! भाच्याने −0.01 घातला, थोडा वेळ बघत बसला आणि मग स्वतःच विचारलं, "फल दोन्हीकडे सारखंच आहे ना, मग उजवी बाजू करून डावी तशीच म्हटली तर चालेल?" हे चालतं का? मी तोंड उघडलं नाही.

जुनाट_पेन्सिल

चालतं. x च्या जागी −x घातला की (−x)·sin(−1/x), sin च्या आतलं उणे बाहेर येतं, दोन उणे मिळून अधिक, परत x·sin(1/x). म्हणून उजवीकडची सीमा 0 दाखवली की डावीकडची आपोआप 0. त्याला सांगा, ओळ तीच ठेव, तिच्याआधी "x > 0 घेऊ" लिही आणि शेवटी हे दोन उणे दाखव. एकही खूण उलटवावी लागणार नाही.

खडूस_खडू

याला मी तीनपैकी तीन देईन.

घाईत_आहे

सगळं वाचायला वेळ नाही. शेवटी 0 ठरलं की 1?

रिकामा_संच

कोणत्या गणिताचं विचारताय?